प्रश्न ३ : संदेशवहनातील अडथळे, औपचारिक व अनौपचारिक मार्ग आणि द्राक्षवेल (१० गुण)

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने फलकावर इंग्रजी सूचना लावली की चवथीची रजा 'स्टॅगर्ड' राहील. दुसऱ्या दिवशी रजाच रद्द झाल्याची आवई उठली. असे का झाले ते सांगून संबंधित संकल्पना स्पष्ट करा.

उत्तर : पाठवणाऱ्याच्या मनातला अर्थ घेणाऱ्याला तसाच कळला आणि त्याचा प्रतिसाद परत आला, तरच संदेशवहन पूर्ण होते. इथे 'स्टॅगर्ड' म्हणजे पाळीपाळीने, हे कार्यालयाला ठाऊक होते. कोकणी, मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या कामगारांना नव्हते. हा भाषिक अडथळा. पण सगळा दोष शब्दाला देणे बरोबर नाही. चवथीला गावच्या घरी जायचेच, या ओढीमुळे माणसाने भीती वाटत होती तेच वाचले. हा मानसिक अडथळा. साहेबांना विचारायला कोणी धजावले नाही, तो दर्जाचा अडथळा. सुपरवायझरने 'बघू या' एवढेच सांगून बाकीचे स्वतःकडे ठेवले; याला माहितीची गाळणी म्हणतात. यंत्रांच्या आवाजाचा भौतिक अडथळा या प्रसंगात गौण आहे.

औपचारिक मार्ग अधिकाराच्या साखळीने जातो : व्यवस्थापक, खातेप्रमुख, सुपरवायझर, कामगार. तो बहुधा लेखी असतो, जबाबदारी ठरते, पुढे पुरावा राहतो. मात्र वेळ लागतो. म्हणूनच हेन्री फेयॉल यांनी, वरिष्ठांच्या संमतीने, समान पातळीवरच्या दोघांना थेट बोलू देणारा 'गँगप्लँक' सुचवला. अनौपचारिक मार्ग ओळखीपाळखीवर चालतो. तो वेगवान असतो, पण बोलल्याची जबाबदारी कोणाची, हे सापडत नाही.

अनौपचारिक मार्गांच्या या जाळ्याला द्राक्षवेल म्हणतात. कीथ डेव्हिस यांनी १९५३ मध्ये तिचे चार प्रकार मांडले. एकसरी साखळीत एकाचे दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला कळते. गप्पांच्या साखळीत एकच जण सर्वांना सांगत सुटतो. संभाव्यता साखळीत समोर येईल त्याला सांगितले जाते. आणि समूह साखळीत निवडक लोकांना सांगितले जाते, त्यांतले काहीच जण ते पुढे नेतात. शेवटचा प्रकार सर्वाधिक आढळतो. कारखान्यातही तेच झाले असणार : फलक वाचणाऱ्याने कँटीनमध्ये चहा घेताना दोघा-तिघांना सांगितले, त्यांतल्या एकाने घरी जाताना बसमध्ये.

द्राक्षवेल म्हणजे निव्वळ अफवा, असे लिहिण्याची पद्धत आहे. ते चूक आहे. तिच्यातून खरी माहितीही फिरते आणि कामगारांना कशाची धास्ती आहे ते व्यवस्थापनाला आयते कळते. ती तोडता येत नाही. माहिती अपुरी असली, की ती फोफावते.

म्हणून इथे 'अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल' असा दुसरा फलक लावू नये. कोण कोणत्या तारखेला रजेवर, याची नावांसह यादी कोकणी, मराठी व कन्नडमध्ये लावावी, पाळी बदलताना सुपरवायझरने ती वाचून दाखवावी आणि कामगार ज्यांचे ऐकतात अशा दोघा-तिघांना आधी बोलावून समजावावे. शंका विचारायला दहा मिनिटे ठेवावीत. पहिल्या सूचनेत प्रतिसादाची तेवढीच जागा राहून गेली होती.