ओंकारचं चार आठवड्यांचं उजळणी वेळापत्रक

ओंकार, ट्रान्समिशन लाइनच्या प्रश्नाला तू दोन्ही चाचण्यांत हात लावला नाहीस, म्हणून सुरुवात तिथूनच. रोज संध्याकाळी ७ ते ९, रविवारी जुने पेपर.

पहिला आठवडा: फक्त लाइन. सोमवारी R, L, G, C म्हणजे काय ते आकृती काढून स्वतःच्या शब्दांत लिही. मंगळवारपासून ही तीन सूत्रं रोज एकदा, न बघता:

```
Z0 = √(L/C)   (लॉसलेस लाइन)
Γ = (ZL − Z0)/(ZL + Z0)
VSWR = (1 + |Γ|)/(1 − |Γ|)
```

५० ओहमच्या लाइनला ७५ ओहमचा लोड लावला, तर Γ = २५/१२५ = ०.२ आणि VSWR १.५. तुझा VSWR १ पेक्षा कमी आला, तर वजाचं चिन्ह तसंच ठेवलंयस, मॉड्युलस घे. लोड शॉर्ट केला तर Γ = −१, ओपन ठेवला तर +१. इथेच तुझी गल्लत होते.

दुसरा आठवडा: स्मिथ चार्ट, स्टब, क्वार्टर वेव्ह. १००+j५० ला आधी ५० ने भाग, मगच २+j१ हा बिंदू मांड. कंपास विसरू नकोस. ५० आणि २०० ओहम जुळवायला √(५०×२००) = १०० ओहमचा क्वार्टर वेव्ह तुकडा.

तिसरा आठवडा: एएम, एफएम, अँटेना. हे तुला येतं, आकृत्यांवरून नजर फिरव.

चौथा: एक दिवसाआड घड्याळ लावून पूर्ण पेपर, मधल्या दिवशी चुकलेलं गणित. शुक्रवारी वही घेऊन माझ्याकडे ये.