शिल्पे, आजीवरच्या पोस्टचा तुझा ड्राफ्ट वाचला, दोनदा

काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहासोबत परत वाचला, म्हणून उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तू लिहिलं होतंस "खरं खरं सांग, मस्त मस्त नको", तर सांगते. पण आधी एक, पुस्तकांच्या पेटीवाला पॅरा वाचून मी उठून आतल्या खोलीत गेले आणि आमच्या आजीची जुनी ट्रंक उघडून बघितली, आत काही नव्हतं, नुसते गोधडीचे तुकडे, तरी बघितली. हे तुझ्या लिहिण्याने झालं. आता पुढचं ऐक.

तुझी पोस्ट पाचव्या पॅराला सुरू होते. आधीच्या चार पॅरांत सयाजीराव महाराज आहेत, लक्ष्मी विलास आहे, न्यायमंदिर आहे, कमाटी बाग आहे, आणि आजी कुठेच नाही. मला कळतंय का लिहिलंस ते, आपण बडोद्याची मराठी माणसं काहीही लिहायला बसलो की आधी महाराजांना मुजरा करतो, मीपण करते. पण हे सगळं आपल्या लोकांना पाठ आहे गं, दांडिया बाजारातलं शेंबडं पोर पण सांगेल. वाचणारा दुसऱ्या पॅराला सोडून देईल आणि तुझी आजी त्याला भेटणारच नाही, आणि मला तेच नकोय.

माझं म्हणणं असं की "१९४४ साली आजोबा डभोईजवळच्या एका खेड्यात मास्तर होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी शाळेत एक लाकडी पेटी यायची" या वाक्याने सुरू कर. बस. महाराज नंतर आपोआप येतात, कारण वाचणाऱ्यालाच प्रश्न पडेल की पेटी पाठवली कोणी. तिथे तीन ओळीत सांग की १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावला, सेंट्रल लायब्ररी उभी राहिली आणि तिथून गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या. तेवढं पुरे.

आणि हे खटकलं ते आत्ताच सांगते, नाहीतर कोणीतरी काका खाली कमेंटमध्ये येऊन तुला चारचौघात दुरुस्त करतील आणि पोस्ट राहील बाजूला. तो ग्रंथपाल बॉर्डन इंग्रज नव्हता, अमेरिकन होता, १९१३ ला परत पण गेला, त्यामुळे "आयुष्यभर बडोद्याची सेवा केली" हे काढ. महाराज १८७५ ला जन्मले नाहीत, त्या वर्षी ते दत्तक येऊन गादीवर बसले, जन्म १८६३ चा, नाशिककडच्या कवळाण्यातला. सक्तीचं शिक्षण १८९३ ला अमरेलीकडे करून बघितलं, सगळ्या राज्यात १९०६ ला आलं, तू दोन्ही एकच केलंयस. आणि "भारतातली पहिली लायब्ररी" तर अजिबात नको, 'पहिली' हा शब्दच काढ, त्याच्याशिवायही मांडवीतली ती लायब्ररी लहान होत नाही. तू तिथल्या काचेच्या जमिनीबद्दल लिहिलंयस ना, लहानपणी पाय ठेवायला घाबरायचीस, ते चांगलंय, पण ते पेटीच्या नंतर येऊ दे.

आता पेटीचा पॅरा. ही तुझीच वाक्यं: "आजी प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायची. पुस्तक परत द्यायची वेळ आली की कव्हर काढून घ्यायची, पुढच्या पुस्तकाला व्हायचं." शिल्पे, ह्यात सगळी आजी आली. तिची काटकसर, तिला पुस्तकाची वाटणारी काळजी, पुस्तक आपलं नाहीये हे तिला माहीत असणं, सगळं. आणि मग लगेच तू लिहितेस "जणू ज्ञानगंगाच तिच्या अंगणात अवतरली होती". का गं? आत्ता मी आजीच्या शेजारी ओट्यावर बसले होते आणि तू मला एकदम शाळेच्या स्नेहसंमेलनात नेऊन बसवलंस. ते वाक्य खोड. फक्त खोड, त्याच्या जागी काही लिहू नकोस. असं अजून तीन ठिकाणी झालंय (मी पिवळं करून ठेवलंय), छान काही सांगून झालं की तुला भीती वाटते की समोरच्याला कळलं नसेल, मग तू समजावायला जातेस. कळतं गं. मला ही खोड पुरेपूर माहितीये कारण नवरात्रावर मी लिहिलेलं ते सोळा पानी प्रकरण तू वाचलं होतंस, आणि तूच म्हणाली होतीस "वंदे, ह्यात गरबा कधी सुरू होणार?" तेव्हा दोन दिवस तोंड फुगवून बसले होते मी, मग कापलं, आणि साडेतीन पानांचं झालं ते बरं झालं.

शेवट. "आजची पिढी मोबाईलमध्ये अडकली आहे" पासून खालचं सगळं काढ असं मी म्हणेन, पण हे माझं मत, तुला ठेवायचं तर ठेव. मला ते आजीच्या तोंडचं वाटत नाही. ज्या बाईने आयुष्यभर कोणाला "वाच" म्हणून उपदेश केला नाही, नुसती स्वतः वाचत बसली, तिच्या लेखाच्या शेवटी आपण पोरांना बोल लावायचे का? त्यापेक्षा १९४९ ला राज्य विलीन झाल्यावर आजोबांची बदली झाली आणि आजी डभोईच्या छोट्या आगगाडीत कव्हरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती, ते तू मध्येच कुठेतरी अर्ध्या ओळीत टाकलंयस, तेच शेवटी आण.

एक नाजूक गोष्ट राहिली, ती लिहू की फोनवर बोलू असा विचार करत होते, पण लिहिते. वाडा विकल्याचा पॅरा. काकांचं नाव नाहीये तरी रावपुऱ्यातल्या सगळ्यांना कळणार कोण ते. तू चूक लिहिलंयस असं नाही, राग खरा आहे तुझा आणि मी असते तर मीही लिहिलं असतं. पण तो दुसरा लेख आहे. इथे राहिला तर लोक पेटी विसरतील आणि वाड्यावर बोलत बसतील, आणि दिवाळीला तुझ्या आईला त्यांच्याकडे जायचंय. वेगळ्या फाईलमध्ये ठेव, फेकू नकोस.

वाईट वाटलं असेल तर सांग, मनात ठेवून "ओके थँक्स" असं लिहू नकोस, मला तुझं ते ओके कळतं. घाई नाहीये, आणि हो, मी म्हणते म्हणून सगळं बदलू नकोस, तुझ्या आजीला तू ओळखत होतीस, मी फक्त तिच्या हातचं थालीपीठ खाल्लंय. शनिवारी सहानंतर मोकळी आहे, सूरसागरजवळ भेटून सेव-उसळ खाऊ आणि कागदावर बघू, स्क्रीनवर माझे डोळे दुखतात.

आणि येताना आईला एक विचारून ये: पेटीला कुलूप असायचं का, आणि असेल तर किल्ली कोणाकडे? आजोबांकडे की आजीकडे? ते कुठेच नाहीये तुझ्यात आणि मला कालपासून तेच डोक्यात आहे.