भिशीत सहभागी होता येणार नाही, याबद्दल पुष्पाआत्यांस पत्र

पिंपळगाव बसवंत,
५ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप पुष्पाआत्या यांस,
वैशालीचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गुढीपाडव्याला आपण सर्वजण जमलो असताना, मे महिन्यापासून सुरू होणाऱ्या घरच्या भिशीत माझेही नाव घालण्याचे तुम्ही आपुलकीने सुचवलेत आणि घरी विचारून आठवडाभरात कळव, असे सांगितलेत. त्याप्रमाणे आम्ही दोघांनी आणि सासूबाईंनी बसून हिशेब मांडला. या भिशीत मला सहभागी होता येणार नाही, असे त्यावरून ठरले आहे. पहिला हप्ता १० मे रोजी भरायचा असून तोपर्यंत तुम्हाला वीस नावे पुरी करायची आहेत, म्हणून हे वेळेवर कळवत आहे. माझी वाट न पाहता तुम्ही माझ्या जागी दुसरे नाव घ्यावे, ही विनंती.

घरच्या ग्रुपवर दोन ओळी टाकून हे कळवता आले असते. परंतु पैशाच्या बाबतीतला नकार चारचौघांत वाचला गेला की ज्याला त्याला त्यातून आपापला अर्थ काढता येतो, आणि तुम्ही इतक्या वर्षांच्या सचोटीने चालवलेल्या भिशीबद्दल माझ्या दोन ओळींमुळे कोणाच्याही मनात शंका यावी, हे मला अजिबात चालणार नाही. म्हणून कारण सविस्तर लिहिते.

भिशीतील बहुतेक मंडळी नोकरदार आहेत. कोणी ओझरच्या कारखान्यात, कोणी सातपूरच्या कंपनीत, कोणी शाळेत. पगार एक ते सात तारखेच्या आत खात्यावर जमा होतो, त्यामुळे दहा तारखेचा हप्ता त्यांना सोयीचा पडतो आणि पाच हजार रुपये बाजूला काढले तरी घरखर्चाचा मेळ बसतो. आमच्याकडे पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, व्यापाऱ्याकडून रक्कम टप्प्याटप्प्याने हाती येते, आणि ती येईपर्यंत तिला वाटा फुटलेल्या असतात. सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरावेच लागते, कारण तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडले तरच बिनव्याजी पडते. त्यानंतर औषधांच्या दुकानाची उधारी, मजुरांच्या टोळीचा हिशेब, आणि लगेच एप्रिलमधली खरड छाटणी. उरलेल्या पैशांत पुढच्या हंगामापर्यंतचे घर चालवायचे असते.

वर्षातला सर्वांत ओढग्रस्तीचा काळ ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू होतो. छाटणी, विरळणी, डिपिंग ही कामे एकामागून एक येतात आणि मजुरी दर आठवड्याच्या बाजाराला रोख द्यावी लागते. त्यातच पावसाची एखादी सर आली किंवा दोन दिवस ढगाळ हवा राहिली, की डाउनीच्या भीतीने ठरलेल्या फवारणीखेरीज आणखी एक फवारणी त्याच रात्री घ्यावी लागते. त्या रात्री घरात जे पैसे असतील ते औषधाला जातात, मग ते कशासाठीही बाजूला ठेवलेले असोत. दुसऱ्या दिवशी दहा तारीख असेल आणि ते पैसे भिशीच्या हप्त्याचे असतील, तरीही ते औषधालाच जातील. बाग वाचवायची की हप्ता भरायचा, हा प्रश्न आमच्या घरात कसा सुटतो, हे तुम्ही याच घरात वाढलेल्या असल्यामुळे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

तुम्ही मला ऑक्टोबरचा नंबर चिठ्ठी न काढता देऊ केलात, त्यामागचा तुमचा जिव्हाळा मी जाणते. छाटणीच्या तोंडावर एक लाख रुपये एकदम हाती येणे ही आमच्यासाठी केवढी सोय आहे, हे ओळखूनच तुम्ही ते बोललात. मात्र त्याचा हिशेब पुढे नेऊन पाहिला तेव्हा मन धजेना. मेपासून धरले तर ऑक्टोबरचा हप्ता सहावा. म्हणजे तोपर्यंत माझे तीस हजार रुपये भरलेले असतील आणि उरलेले सत्तर हजार रुपये हे बाकीच्या एकोणीस जणांनी मला आगाऊ दिलेले असतील. ते मला पुढच्या चौदा महिन्यांत, डिसेंबर २०२६ पर्यंत फेडायचे. त्यातले नोव्हेंबर ते जानेवारीचे हप्ते हंगामाच्या आधीचे, आणि शेवटचे तीन हप्ते पुन्हा पुढच्या छाटणीनंतरचे. मधल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली, तर मणी तडकतात आणि वर्षाचे उत्पन्न एका दिवसात जाते. आपल्या निफाड तालुक्यात हे काही नवीन नाही. बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचे अशा वेळी पुनर्गठन तरी होऊ शकते. भिशीत मात्र ज्याचा नंबर लागला आहे त्याला त्या दिवशी पुरे एक लाख रुपये मिळालेच पाहिजेत, कारण त्याने ते लग्नाला, शाळेच्या फीला किंवा दवाखान्याला गृहीत धरलेले असतात.

आणि अशा वेळी तो हप्ता कोण भरते, हेही मला ठाऊक आहे. आपल्यातल्याच एका ताईंचे यजमान दवाखान्यात असताना त्यांचे दोन हप्ते तुम्ही स्वतःच्या पैशांतून भरलेत आणि त्याची वाच्यता कुठेही केली नाहीत. त्या ताईंनीच पुढे मला ते सांगितले, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. तुमच्या वहीत त्या दोन महिन्यांसमोरही इतरांसारखीच बरोबरची खूण असेल. माझा हप्ता चुकला तरी तुम्ही तेच कराल, याची मला पूर्ण खात्री आहे, आणि म्हणूनच मला यात येववत नाही. आजारपण अचानक येते, त्याला इलाज नसतो. आमची अडचण मात्र दर वर्षी त्याच महिन्यांत येणारी, आधीपासून माहीत असलेली आहे. ती माहीत असूनही मी वीस महिन्यांचा शब्द देणे आणि त्याचे ओझे तुमच्या पेन्शनवर टाकणे मला बरोबर वाटत नाही.

हंगामात वर्षाचे हप्ते एकदम भरून टाक, असा मार्गही तुम्ही त्या दिवशी सुचवला होतात. तो मी बाजूला सारला नाही, पुष्कळ विचार केला. पण त्यात साठ हजार रुपये तुम्हाला सांभाळावे लागतील, दर महिन्याला माझ्या नावे त्यातून भरावे लागतील आणि वेगळा हिशेब ठेवावा लागेल. आणि मधेच औषधासाठी आम्हाला त्यातले पैसे परत मागण्याची वेळ आली, तर तुमची पंचाईत होईल. धाकट्या जाऊबाईंनी अर्धा-अर्धा नंबर घेऊ असे म्हटले आहे, त्यांनाही मी आज फोनवर नाही म्हणून सांगितले. माझे अडीच हजार वेळेवर आले नाहीत तर त्यांना एकट्यांना पाच हजार भरावे लागतील, आणि जावांमध्ये मागणे आणि न मागणे दोन्ही अवघड असते.

एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मी गावातल्या महिला बचत गटात आहे. तेथे दरमहा दोनशे रुपये भरते. एवढी रक्कम कोणत्याही महिन्यात जड जात नाही, गटातल्या सगळ्याजणी शेतीवाल्याच असल्यामुळे कर्जाची परतफेड आम्ही हंगामावर धरून ठरवतो, आणि एखादीचे मागेपुढे झाले तर तो विषय मासिक बैठकीत मिटतो. ‘गावातल्या गटावर विश्वास आहे आणि घरच्या भिशीवर नाही’ असा अर्थ कोणी त्यातून काढला, तर तो सर्वस्वी चुकीचा असेल. विश्वासाचा प्रश्न असता, तर माझी लेक आज कॉलेजसाठी तुमच्या घरी राहिली नसती. याखेरीज दुसऱ्या कोणत्याही भिशीत मी नाही आणि जाण्याचा विचारही नाही.

पुढच्या वेळी येईन, असेही मी आज लिहीत नाही, कारण तसे लिहिले की तुम्ही माझी जागा मोकळी धरून ठेवाल. बागेवरचा आमचा भार कमी झाला आणि महिन्याकाठी खात्रीचे उत्पन्न सुरू झाले, तर मी स्वतः होऊन तुमच्याकडे विचारायला येईन. तोपर्यंत कृपया माझा विचार धरू नये.

इतरांना काय सांगावे, असा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहील, तर ‘वैशालीचे पैसे हंगामाचे आहेत, तिला महिन्याचा हप्ता जमत नाही’ एवढे निःसंकोचपणे सांगावे. ते खरेही आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. तुमच्या भाच्यांनी हा निर्णय लादला, असाही कोणाचा समज होऊ देऊ नये; हिशेब आम्ही तिघांनी मिळून मांडला आणि निर्णय माझा आहे.

भिशीत नसले तरी दहा तारखेच्या बैठकीला मला बोलावणे बंद करू नका. सगळ्याजणी एकत्र येतात, स्टीलच्या डब्यातली चिठ्ठी लहान मुलांच्या हातून निघते, ज्यांना भिशी लागते त्या सर्वांना पेढे देतात, हे मला फार आवडते, आणि कामातून सवड मिळेल तेव्हा मी जरूर येईन. वीस जणांच्या नावांचे आणि महिन्यांचे रकाने आखलेली नवीन वही तुम्हाला करायची आहे, ते काम माझ्याकडे द्यावे. यंदा तुम्हाला बारीक अक्षर वाचायला त्रास होतो असे लेक सांगत होती, म्हणून रकाने मोठे आखीन आणि पुढच्या रविवारी तिला भेटायला नाशिकला येईन तेव्हा वही सोबत आणीन. नावांची यादी तेवढी तिच्याजवळ देऊन ठेवावी.

यंदाचा बेदाणा तयार झाला आहे. तोही घेऊन येते. सासूबाईंचा तुम्हाला आशीर्वाद, मामांना आम्हा उभयतांचा नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची भाचेसून,
वैशाली