कर्मचारी कॅन्टीन चालवण्यासाठी प्रस्ताव

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
महापे एमआयडीसी, नवी मुंबई

महोदय,

आपल्या मागणीनुसार 220 कर्मचाऱ्यांच्या दुपारच्या जेवणाचा, नाश्त्याचा आणि चहाचा प्रस्ताव पाठवत आहे. जागा पाहायला आले तेव्हा जेवणाची सुट्टी साडेबारा ते दोन अशी तीन तुकड्यांत असल्याचे कळले. कॅन्टीनची खरी परीक्षा तिसऱ्या तुकडीला असते. आमच्या एका जुन्या कामावर पावणेदोनला येणाऱ्यांना पातळ आमटी आणि डब्यात घाम सुटलेल्या पोळ्या मिळायच्या. तक्रार रास्त होती. तेव्हापासून आम्ही पोळ्या सकाळी लाटून ठेवत नाही. कणीक एकदाच मळतो, पण तवा तिन्ही तुकड्यांना तापलेला असतो. आमटीचेही तिसरे पातेले वेगळे लावतो, उरलेल्यात पाणी वाढवत नाही.

दर, प्रति थाळी: किराणा, भाजी, तेल ₹46, मजुरी, पीएफ-ईएसआयसीसह ₹22, गॅस ₹7, सफाई व भांडी ₹4, आमचा मोबदला ₹9. एकूण ₹88. महिन्याचे 26 दिवस धरता 5,720 थाळ्या, म्हणजे ₹5,03,360. 5 टक्के जीएसटी ₹25,168 वेगळा. नाश्ता ₹30, चहा ₹9, जीएसटी वेगळा. हे दर सहा महिन्यांपर्यंत बदलणार नाहीत. मजुरीत कपात करून दर खाली आणता येईल, पण मग माणसे टिकत नाहीत आणि रोज नवा हात स्वयंपाक करतो. ते मला मान्य नाही.

मेनू दोन आठवड्यांचा आहे. रोज पोळी, भात, वरण किंवा आमटी, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, कोशिंबीर, ताक. पहिल्या आठवड्यात सोमवारी मटकीची उसळ व भेंडी, मंगळवारी पिठले व वांग्याची भाजी, बुधवारी चिकन रस्सा (शाकाहारींना पनीर), गुरुवारी छोले व फ्लॉवर, शुक्रवारी अंडा करी किंवा वाल, शनिवारी मसालेभात व मठ्ठा. दुसऱ्या आठवड्यात चवळी, कोबी, दोडका, मुगागाठी, काळ्या वाटाण्याची आमटी. बुधवार-शुक्रवारचा सामिष बेत कायम. श्रावणात सामिष बंद. एकादशी-संकष्टीला आदल्या दिवशी नोंदवल्यास साबुदाणा खिचडी किंवा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, त्याच दरात.

भाजी रोज पहाटे वाशीच्या एपीएमसीतून येते. आमच्याकडे एफएसएसएआय परवाना आहे, सहाही कामगारांची वैद्यकीय तपासणी दर वर्षी होते. प्रत्येक पदार्थाचा नमुना 24 तास फ्रिजमध्ये ठेवतो.

जागा, पाणी, वीज आणि ओला कचरा उचलण्याची सोय आपल्याकडून हवी. जेवणाऱ्यांचा आकडा सकाळी साडेनऊपर्यंत कळावा. किमान 180 थाळ्यांचे बिल धरले जाईल. बिल महिनाअखेर, पैसे 15 दिवसांत.

करारापूर्वी एक आठवडा चाचणी घ्यावी. त्या आठवड्यात आपण स्वतः तिसऱ्या तुकडीसोबत जेवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
संचालिका, कॅन्टीन व भोजन सेवा,
घणसोली