सोमवारच्या इंटरव्ह्यूला जाताना: चेहरा, केस आणि हावभाव

देवरुखहून सकाळच्या एसटीने रत्नागिरीला जाणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, मुली आणि मुलगे दोघांसाठी. जुलैचा पाऊस आणि दमट हवा धरूनच तयारी करा.

आज-उद्याकडे उरकायचं
☐ थ्रेडिंग, अप्परलिप, हेअरकट आत्ताच करून घ्या, आदल्या रात्री केलं तर लाली तशीच राहते.
☐ नवीन क्रीम, फेशियल, ब्लीच काही ट्राय करू नका.
☐ मुलांनो, नाकातले आणि कानावरचे केस कापा, हे कुणी तोंडावर सांगत नाही पण समोरच्याला पहिलं तेच दिसतं.

रविवारी संध्याकाळी
☐ केस धुवा. सकाळी धुतले तर पावसात वाळत नाहीत आणि ओल्या केसांना वास येतो. खोबरेल लावायचं असेल तर धुण्याआधी, नंतर नको.

सोमवारी सकाळी
☐ दाढी ठेवायची असेल तर ठेवा, फक्त गळ्यावरची रेष साफ हवी. क्लीन शेव्ह करणार असाल तर अंघोळीनंतर, केस मऊ झालेले असताना, वाढतात त्याच दिशेने ब्लेड फिरवा आणि वरून तुरटी. जेल अगदी थोडं, घामाबरोबर कपाळावर उतरतं.
☐ मुलींनी वेणी, पोनी किंवा अंबाडा, जे सारखं हाताने सावरावं लागणार नाही ते. वळेसर घरी ठेवा. काजळ वॉटरप्रूफ नसेल तर नकोच, बसमध्येच डोळ्याखाली पसरतं. पावडर लावलीत तर गळ्याशी मिसळा, चेहरा गोरा आणि मान वेगळी असं व्हायला नको, आणि तुमचा रंग आहे तो छान आहे, तो लपवायचा नाहीये! टिकली लावा किंवा नका लावू, तुमची मर्जी.
☐ नाश्त्याला सुकी मासळी, लसणाची चटणी नको. दात घासताना जीभही घासा.
☐ बसमध्ये खिडकीशी बसलात तर डोक्याला स्कार्फ बांधा.

पोचल्यावर
☐ थोडं लवकर पोचा, पंख्याखाली बसा. घाम रुमालाने टिपा, चोळू नका. चष्म्याची काच पुसा. लिपस्टिक दाताला लागलीय का ते मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघा.

हावभाव, यावर मात्र जास्त वेळ द्या. आपली मुलं उत्तर देताना ठीक असतात, ऐकताना बिघडतात, प्रश्न समजून घेताना भुवया आवळल्या जातात आणि समोरच्याला वाटतं हा चिडलाय. आज घरी कुणालातरी प्रश्न विचारायला बसवा आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, मग आवाज बंद करून बघा. जबडा आवळलेला दिसला तर वरचे-खालचे दात किंचित सुटे ठेवा, चेहरा आपोआप सैल पडतो. आत शिरताना हसा, तेही एकदाच, सारखं हसू नका. प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून उत्तर सुरू करा, मग बाकीच्यांकडेही नजर जाऊ दे. उत्तर येत नसेल तर जीभ चावणं, छताकडे बघणं नको, शांतपणे "माहीत नाही सर" किंवा "मॅडम" म्हणा.

बाहेर पडताना लगेच चेहरा पाडू नका, गेटपर्यंत त्यांची माणसं बघत असतात.