लवाद कायदा: सराव प्रश्न आणि उत्तराची दिशा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याने बॉयलर दुरुस्तीचं 4 कोटींचं काम एका ठेकेदाराला दिलं. करारातलं 27 वं कलम असं: 'सर्व वाद कार्यकारी संचालक नेमतील त्या एकमेव लवादाकडे, लवादाचे स्थान पुणे.' अनुभवाचा दाखला खोटा निघाला असं सांगून कारखान्याने करार रद्द केला. ठेकेदाराने 3 फेब्रुवारी 2025 रोजी लवादाची नोटीस दिली. उत्तर आलं, 'करारच रद्दबातल, मग लवाद कसला?' तरीही 20 फेब्रुवारीला कार्यकारी संचालकांनी कारखान्याचेच निवृत्त मुख्य अभियंता नेमले. ठेकेदार लेखी हरकत नोंदवून हजर राहिला. लवादाने दावा फेटाळला, शिवाय 2021 च्या ऊस वाहतूक करारापोटी ठेकेदाराकडून 18 लाख वसूल करायला सांगितले. तो विषय कोणी मांडलाच नव्हता. निवाड्याची प्रत 20 नोव्हेंबर 2025 ला मिळाली. ठेकेदाराने 16 मार्च 2026 ला निवाडा रद्द करण्यासाठी कलम 34 खाली न्यायालयात अर्ज केला. त्यात मोजमाप वही चुकीची वाचल्याचीही तक्रार आहे. निर्णय द्या.

पहिला मुद्दा सोपा आहे. 1996 च्या अधिनियमाचं कलम 16(1) लवाद कलमाला स्वतंत्र करार मानतं, त्यामुळे मूळ करार शून्य ठरला तरी ते आपोआप कोसळत नाही. दाखला खोटा असणं वेगळं, सहीच खोटी असणं वेगळं. सहीच खोटी असती तर लवाद कलमालाही आधार उरला नसता.

नेमणुकीच्या मुद्द्यावर दरवर्षी निम्मा वर्ग घसरतो. सगळे 'निवृत्त अभियंता' या शब्दांपाशी अडकतात. खरा दोष नेमणाऱ्यात आहे. कार्यकारी संचालक कलम 12(5) आणि सातव्या अनुसूचीनुसार स्वतः लवाद होऊ शकत नाहीत, आणि ज्याला स्वतः बसता येत नाही त्याला एकट्याने दुसराही नेमता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात ठरवलं. ठेकेदाराने तेव्हाच कलम 11(6) खाली उच्च न्यायालयात जायला हवं होतं. पण हजर राहिला म्हणून हक्क गेला असं लिहू नका: वाद उद्भवल्यानंतरची स्पष्ट लेखी संमतीच हक्क सोडते. इथे तर लेखी हरकत आहे.

कलम 34 ची मुदत तीन महिन्यांची, म्हणजे 20 फेब्रुवारी 2026 पर्यंत. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 30 दिवस, त्यापुढे एकही नाही. 16 मार्च त्यात बसतो, पण कारण द्यावंच लागेल.

मोजमाप वहीची तक्रार टिकत नाही. कलम 34(2अ) पुराव्याचं फेरमूल्यमापन करू देत नाही. लवादाची रचना बेकायदा असल्यामुळे 34(2)(अ)(पाच) खाली सगळाच निवाडा जातो. नेमणूक वैध धरली असती, तर 18 लाखांचा भाग कक्षेबाहेरचा म्हणून तेवढाच वेगळा काढून रद्द झाला असता. हा पर्यायी निष्कर्षही लिहा, त्याला गुण आहेत.