आमच्या नव्या घरी जेवायला या (११ जानेवारीपर्यंत आकडा कळवा)

सप्रेम नमस्कार,

अकरा वर्षं आणि चार भाड्याची घरं झाल्यावर आम्ही आता स्वतःच्या घरात राहायला आलोय. मागच्या महिन्यात सामान हललं, गेल्या आठवड्यात शेवटचं खोकं रिकामं झालं. घर लागलं म्हणेपर्यंत कुणाला बोलवायचं नाही असं ठरवलं होतं. आता लागलंय, म्हणून सगळ्यांना बोलावतेय.

रविवार, १८ जानेवारी २०२६. सकाळी ११ पासून दुपारी ४ पर्यंत आम्ही घरीच आहोत, तुमची वाट बघत. जेवण साडेबाराला सुरू होईल. हे आमंत्रण घरातल्या सगळ्यांना आहे. तुमच्याकडे तेव्हा कुणी पाहुणे राहायला आले असतील तर त्यांनाही घेऊन या, मागे ठेवून येऊ नका.

आता एक विनंती, आणि ती मनापासून आहे. तुम्ही किती जण येताय ते रविवार, ११ जानेवारीला रात्री ९ पर्यंत मला याच नंबरवर कळवा.

तारीख इतकी आधीची का, ते सांगते. जेवण बाहेरून करून घेतोय, कारण सासूबाईंनी आणि मी दिवसभर स्वयंपाकघरात राहायचं आणि तुमच्याशी दोन शब्दही बोलायचे नाहीत, हे आम्हाला दोघींनाही नको आहे. जेवण करणाऱ्यांना सोमवारी, १२ तारखेला सकाळी पक्का आकडा द्यायचा आहे. त्यानंतर चार-पाच पानं वाढवता येतील, कमी मात्र करता येणार नाहीत. त्यांनी त्याच आकड्यावर सामान भरलेलं असतं, माणसं सांगितलेली असतात.

सईच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही अंदाजाने चाळीस जणांचं जेवण सांगितलं होतं आणि साठ जण आले. आनंदच झाला, पण शेवटी जे आले त्यांच्या ताटात अर्धंच पडलं. त्यात माझे मोठे काका होते. दोन गाड्या बदलून आलेले. ते काही बोलले नाहीत, "पोट भरलं गं" म्हणाले. ते ताट मला अजून दिसतं. पुढच्या एका कार्यक्रमाला त्या धास्तीने जास्त सांगितलं, तर निम्मं उरलं. रात्री साडेदहापर्यंत डबे भरून आम्ही ओळखीच्या घरांची दारं वाजवत होतो. या वेळी दोन्ही टाळायचंय. घरी आलेलं माणूस पोटभर जेवून जावं आणि अन्न टाकावं लागू नये, एवढंच.

म्हणून कळवताना मोठे किती आणि दहा वर्षांच्या आतले लहान किती, ते वेगळं लिहा. मुलांसाठी बिनतिखट जेवण वेगळं करून घेणार आहोत. कुणाला पथ्य असेल, एखादा पदार्थ चालत नसेल, अॅलर्जी असेल तर संकोच न करता सांगा. आधी कळलं तर त्यांच्यासाठी नीट काहीतरी करता येतं, ऐनवेळी कळलं तर नुसतं भातावर भागवावं लागतं. "आम्ही येतोय, मोठे ३, लहान १, एकाला साखर चालत नाही" एवढं लिहिलंत तरी पुरे. ज्यांचा नंबर माझ्याकडे नसेल त्यांनी नाव तेवढं टाका.

ग्रुपवर नुसता अंगठा दाखवू नका. आमंत्रण पोचलं एवढं त्यावरून कळतं, पण दोघं येताय की पाच जण ते कळत नाही. "बघतो, जमलं तर येतो" यावरही मला काही ठरवता येत नाही. नक्की नसेल तर तसं सांगा, मी तुम्हाला धरूनच आकडा देईन. आणि जमत नसेल तर तेही मोकळेपणाने कळवा. त्याचं वाईट वाटून घेणार नाही. तुमच्यासाठी वेगळा दिवस ठरवू, तेव्हा घरही शांत असेल आणि बसून बोलता येईल.

ज्यांना मेसेज लिहायचा कंटाळा आहे त्यांनी संध्याकाळी ७ नंतर फोन करा. आजी-आजोबा मंडळींना मी स्वतःच फोन करणार आहे, त्यांनी काही करायचं नाही.

कळवल्यानंतर काही बदललं, तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा. आणि कळवायचं राहूनच गेलं म्हणून येणं टाळू नका. तुम्ही न येणं हे आकडा चुकण्यापेक्षा वाईट.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू आहे. पण लिफ्टपर्यंत जायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली आल्यावर फोन करा, सचिन किंवा माझा भाऊ हात द्यायला येईल. इमारतीच्या आत आम्हाला चारच गाड्यांची जागा मिळालीय, ती वयस्कर माणसं घेऊन येणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. बाकीच्यांनी शक्य असेल तर एकत्र या. पत्ता आणि नकाशा या मेसेजच्या खाली वेगळा पाठवलाय.

बैठकीच्या खोलीत एका वेळी पस्तीस जण आरामात बसतात, म्हणून जेवणं दोन वेळा ठेवली आहेत, साडेबारा आणि दोन. लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी ज्यांच्यासोबत आहेत त्यांनी पहिल्या वेळेला बसावं. बाकीच्यांनी कुठली वेळ बरी पडेल ते आकड्यासोबतच लिहा.

भेटवस्तू, पाकिटं काही आणू नका. हे वरवरचं म्हणत नाहीये. आणायचंच असेल तर जुन्या घरांतला आपला एखादा फोटो आणा. पहिल्या घरातले आमचे बरेच फोटो एका पावसाळ्यात भिजून गेले, तुमच्याकडे असतील.

मुलांना आवर्जून आणा. भाड्याच्या भिंतीवर रेघा मारायच्या नाहीत म्हणून सईची उंची आम्ही एका लाकडी फळीवर पेन्सिलने मांडत आलो. चारही घरांत ती फळी सोबत फिरली. आता ती स्वयंपाकघराच्या दाराशेजारी पक्की ठोकली आहे, आणि बाजूची भिंत मोकळी ठेवलीय. येणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची, नाव आणि तारीख त्या भिंतीवर लिहायचं सईने ठरवलंय. पेन्सिली तिने आत्ताच टोकदार करून ठेवल्यात.

दारावरची बेल अजून बसलेली नाही. त्या दिवशी दार उघडंच असेल, सरळ आत या.

आपली वाट पाहतोय,
मीनल, सचिन, सई आणि आई

ता. क. ११ जानेवारी, रात्री ९. वाचताय तोवरच कळवून टाकलंत तर फार बरं होईल.